फोटोंची ओळ कशी लावावी: केदारखेड्यातल्या कापूस वेचणीचा नमुना

छायाचित्र-निबंध करताना बहुतेक जण एकाच क्रमाने जातात. आधी भरपूर फोटो काढतात, त्यातले आवडलेले निवडतात, खाली दोन-चार ओळी लिहितात आणि टाकण्याच्या अगदी शेवटच्या क्षणी ‘पर्यायी वर्णन’ नावाची चौकट रिकामी दिसली की तिच्यात ‘कापूस वेचणी’ असे दोन शब्द भरून मोकळे होतात. नऊ फोटो असतील तर नऊ वेळा तेच दोन शब्द. ज्याला दिसत नाही तो मोबाइलचा वाचक सुरू करून हे ऐकतो, तेव्हा त्याच्या कानावर ‘प्रतिमा, कापूस वेचणी’ नऊदा पडतं आणि निबंध संपतो.

माझं सांगणं असं, की हा क्रम उलटा करावा. पर्यायी वर्णन, म्हणजे फोटोत काय दिसतं हे न पाहणाऱ्याला सांगणारी ओळ, सगळ्यात आधी लिहावी. त्याने न पाहणाऱ्याची सोय होतेच. पण फोटो निवडणं, त्यांची ओळ लावणं आणि खालचा मजकूर आखूड ठेवणं ही तिन्ही कामंही त्यामुळे सोपी होतात. हे कसं घडतं ते एका ठरावीक विषयावर दाखवतो.

विषय घेऊ कापूस वेचणीचा आणि गाव घेऊ केदारखेडा. जालना जिल्ह्यातल्या भोकरदन तालुक्यातलं, पूर्णा नदीच्या काठचं, काळ्या जमिनीचं हे गाव. जूनमध्ये पेरलेल्या कापसाची बोंडं दसऱ्याच्या आगेमागे फुटायला लागतात आणि पहिली वेचणी सुरू होते. पुढे दिवाळी उलटून जाईपर्यंत शेतात वेचणाऱ्या बायकांच्या ओळी दिसतात.

पण ‘कापूस वेचणी’ हा विषय झाला, निबंध नव्हे. निबंधाला एक प्रश्न लागतो. प्रश्न नसेल तर सगळे फोटो सारख्याच तोलाचे वाटतात आणि कोणता आधी लावायचा ते कळत नाही. या वेचणीत मला सगळ्यात जिवंत वाटणारा प्रश्न वजनाचा आहे. वेचणाऱ्या बाईची मजुरी किलोवर ठरते, शेतकऱ्याचा पैसा क्विंटलवर ठरतो आणि कापूस ही अशी वस्तू आहे की तिचं वजन पाण्याने बदलतं. सकाळी दहिवर असताना वेचलेला कापूस ओला भरतो. तोच कापूस बाजारात गेला की आर्द्रता मोजली जाते. भारतीय कापूस महामंडळ हमीभावाने खरेदी करताना ८ टक्के आर्द्रतेपर्यंत पूर्ण भाव देतं, त्यापुढे १२ टक्क्यांपर्यंत कपात करतं आणि त्याहून ओला कापूस घेत नाही. म्हणजे सकाळचं दव संध्याकाळच्या काट्यावर एकाच्या बाजूने बोलतं आणि पुढे बाजारात दुसऱ्याच्या विरुद्ध. ‘दिवसभर वेचलेल्या कापसाचं वजन कुठे कुठे ठरतं?’ हा झाला आपला प्रश्न. तो एका कागदावर लिहून फोनच्या कव्हरमागे ठेवा. शेतात गेल्यावर हजार गोष्टी सुंदर दिसतात आणि प्रश्न विसरतो.

प्रश्नाने फोटोंची मांडणी कशी बदलते याचं एक उत्तम उदाहरण मराठीत वाचायला आणि पाहायला मिळतं. पी. साईनाथ यांनी १९९३ ते २००२ या काळात दहा राज्यांत खेड्यातल्या बायकांच्या कामाचे फोटो काढले आणि त्यांचं प्रदर्शन केलं. २०१४ साली सुरू झालेल्या ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या संग्रहात ते आता पाहता येतं. दहा राज्यांचे फोटो हातात असलेला माणूस सहज राज्यवार मांडणी करून बसला असता. तसं केलेलं नाही. एका भागात वीटभट्टी, कोळसा आणि दगड एकत्र आहेत, तर दुसऱ्या भागात आयुष्यभर वाकून करायची कामं एकत्र आहेत. या वाकण्याच्या भागात आंध्रातल्या विजयानगरमचा एक फोटो आहे. जमिनीचा मालक ताठ उभा राहून थेट कॅमेऱ्याकडे बघतो आणि त्याच्या शेतातलं काम कमरेत दुमडून चाललेलं आहे. राज्यवार मांडणीत हा फोटो ‘आंध्रातली शेती’ एवढाच राहिला असता. वाकण्याच्या ओळीत बसल्यावर त्या ताठ पाठीला अर्थ येतो. फोटो तोच, पण शेजारी बदलले की सांगणं बदलतं.

आता शेतात जाऊ.

वेचणीला बायका पोचतात त्या वेळी पोचा, फोटो मात्र लगेच काढू नका. ‘मावशी, तुमच्या कामाचे फोटो काढतोय, लोकांना दाखवणार आहे, चालेल का?’ हे आधी विचारा आणि कुठे दाखवणार तेही सांगा. नुसतं ‘फोटो काढू का?’ विचारलं तर बहुतेक जणी हो म्हणतात, पण तो फोटो शेकडो अनोळखी लोक पाहणार आहेत हे त्या ‘हो’मध्ये नसतं. जी नको म्हणते तिचे हातही काढू नका, बांगड्यांवरून गावात माणूस ओळखता येतो. दिवाळीच्या सुटीत मुलंही आईबरोबर शेतात असतात. त्यांचे चेहरे दिसणार नाहीत असेच फोटो ठेवा.

कापसाचा फोटो काढताना एक हमखास चूक होते. दुपारच्या उन्हात पांढरा कापूस आणि काळी जमीन शेजारी आले की फोनचा कॅमेरा जमिनीकडे बघून उजेड वाढवतो आणि कापूस नुसता पांढरा डाग होऊन बसतो. त्यातला धागा, पानाचा कचरा, किडकं बोंड काहीच उरत नाही. पडद्यावर कापसावर बोट टेकवा आणि बाजूला दिसणारी सूर्याची खूण थोडी खाली ओढा. जमीन काळवंडली तरी चालेल. काळवंडलेली जागा नंतर उजळता येते, जळून पांढरी झालेली जागा परत आणता येत नाही. शक्यतो सकाळी उन्हं तिरपी असेपर्यंतचा आणि दुपारी चारनंतरचा उजेड वापरा. मधल्या वेळात फोटो काढण्यापेक्षा बायका जेवायला बसतात तिथे बसून ऐका, मजकुराचं सामान तिथे मिळतं.

प्रत्येक जागी तीन अंतरांवरून फोटो घ्या: लांबून शेत, मधून माणूस आणि जवळून वस्तू किंवा हात. नवखे लोक सगळे फोटो एकाच अंतरावरून काढतात, कारण जिथे उभे राहिले तिथून ते हलतच नाहीत. असे दहा फोटो एकापुढे एक आले की डोळा चौथ्यावरच कंटाळतो.

दिवसाअखेर शंभर-दीडशे फोटो होतात. आता माझ्या उलट्या क्रमाचं काम सुरू होतं. फोटो आवडला की नाही हे विचारू नका. हुकलेले आणि उघडउघड सारखे फोटो आधी गाळा, उरलेल्या वीस-पंचवीस फोटोंपुढे वही घेऊन बसा आणि प्रत्येकासाठी एक वाक्य लिहा: यात काय दिसतं? फोटो पाहून काय वाटतं किंवा तो कशाचं प्रतीक आहे, ते इथे नको. डोळ्यांना जे दिसतं तेच लिहायचं. फोनवरून एखाद्या मित्राला सांगावं तसं ते वाक्य असू द्या.

या वहीत काय घडतं ते पाहा. समजा सातव्या फोटोपुढे तुम्ही लिहिलंत, ‘हिरव्या साडीतली बाई वाकून कापूस वेचते आहे.’ अकराव्यापुढे आलं, ‘हिरव्या साडीतली बाई वाकून कापूस वेचते आहे, मागे झाड आहे.’ पंधराव्यापुढे पुन्हा तेच. पाहताना हे तीन फोटो वेगळे वाटत होते, कारण एकात ऊन छान होतं आणि एकात तिचा चेहरा. लिहिताना मात्र ते एकच आहेत हे उघडं पडतं. तिन्हींतला एक ठेवा. उलट एखाद्या फोटोपुढे लिहिताना वाक्य लांबत जातं आणि तरी संपत नाही: ‘बाई वेचते आहे, मागे बैलगाडी, डावीकडे दोन मुलं, एक माणूस फोनवर बोलतो आहे.’ असा फोटो चार गोष्टी एकदम सांगतो, म्हणजे एकही नीट सांगत नाही. तो कापता येईल का पाहा, नाहीतर सोडा. आणि एखाद्यापुढे लिहायला काहीच सुचत नाही, नुसतं ‘सुंदर सूर्यास्त’ येतं. केदारखेड्याच्या सूर्यास्ताचा वजनाशी काय संबंध? तोही गेला.

या चाळणीतून आपल्या प्रश्नाला धरून राहिलेले समजा नऊ फोटो आहेत. नऊ हा काही नियम नाही. फोनवर बोटाने सरकवत पाहणारा माणूस सात ते दहापर्यंत टिकतो असा माझा अंदाज आहे, त्याहून जास्त लावायचे तर प्रत्येकाला तसं कारण हवं.

आता ओळ. सगळ्यात सोपी ओळ वेळेची: सकाळ, दुपार, संध्याकाळ. वेचणीसारख्या एका दिवसाच्या कामाला ती बरी बसते आणि आपणही मुख्य सांगाडा तोच ठेवू. पण घड्याळाला चिकटून राहिलात तर पहिला फोटो येतो शेताकडे चालत जाणाऱ्या बायकांचा. तो फोटो महाराष्ट्रातल्या कुठल्याही कामाचा असू शकतो. पहिल्या फोटोने प्रश्न मांडायला हवा. म्हणून मी पहिला फोटो लावीन पानावर दव असलेल्या, नुकत्याच फुटलेल्या बोंडाचा, अगदी जवळून. काय आहे ते लगेच कळतं आणि पाणी व कापूस दोन्ही एकाच चौकटीत आहेत. दुसरा, लांबून: पूर्ण शेत, वेचणाऱ्या बायकांची ओळ, पलीकडे पूर्णेच्या बाजूची झाडं. इथे पाहणाऱ्याला जागा कळते. तिसरा, हिरव्या साडीतली बाई कमरेला ओटी बांधते आहे. चौथा, हात: बोंडाच्या वाळलेल्या टोकदार कवचात शिरलेली बोटं, त्यांवरचे ओरखडे. पाचवा, भरलेली ओटी ताडपत्रीवरच्या ढिगात रिकामी होताना. सहावा, गाठोडं बांधताना त्यावर गुडघा टेकवून दाबणारी बाई. सातवा, बांबूच्या तिकाटण्याला अडकवलेला काटा आणि त्याला लटकणारं गाठोडं. आठवा, वहीचं पान, ज्यावर किलो लिहिलेले आहेत आणि नावं अंगठ्याखाली झाकलेली आहेत. नववा, घरातल्या खोलीत छताजवळ पोचलेला कापसाचा ढीग आणि दारात उभा शेतकरी.

या ओळीत अंतरं बदलती आहेत, हे लक्षात घ्या: जवळ, लांब, मधलं, जवळ, मधलं. चौथ्या फोटोतली बोटं आणि आठव्या फोटोतला अंगठा यांच्यामध्ये तीन फोटो आहेत. ते शेजारी ठेवले तर नुसती हातांची जोडी होते आणि पाहणारा ते नुसतं सजावट म्हणून बघतो. लांब ठेवले की आठव्यापाशी आल्यावर चौथा आठवतो. शेवटचा फोटोही विचारपूर्वक आहे. वजन काट्यावर एकदाच ठरून संपत नाही. भाव वाढेल म्हणून शेतकरी कापूस घरात ठेवतो, तो वाळतो, वजन घटतं, घरातल्या माणसांच्या अंगाला खाज सुटते. काट्याच्या फोटोवर निबंध थांबवला असता तर पाहणाऱ्याला वाटलं असतं की हिशोब झाला.

ओळ बरोबर बसली की नाही हे तपासायचा एक खात्रीचा मार्ग आहे. विषयाशी संबंध नसलेल्या माणसाला नऊ फोटो मजकुराशिवाय एकामागून एक दाखवा आणि काय चाललंय ते सांगायला लावा. तो कुठे अडखळतो ते बघा. सहाव्यापाशी ‘ही बाई कापसावर का बसली?’ असं विचारलं तर त्याचा अर्थ गाठोडं बांधणं फोटोत दिसत नाही. तिथे एकतर फोटो बदला किंवा मजकूर द्या. तो अडखळत नाही तिथे मजकूर जवळजवळ नको.

इथून आपण मजकुरावर येतो. खालची ओळ लिहिताना तुमच्या वहीतली वाक्यं समोर ठेवा. जे वहीत आहे ते खाली लिहायचं नाही, एवढाच नियम. फोटोत दिसणारं पर्यायी वर्णनात जातं, फोटोत न दिसणारं खालच्या मजकुरात. हे दोन डबे वेगळे ठेवले की मजकूर आपोआप आखूड होतो.

पहिल्याच फोटोवर करून पाहू. सहसा लिहिलं जातं ते असं: ‘फुटलेलं कापसाचं बोंड, त्यावर दवबिंदू चमकताना.’ हे तर दिसतंच आहे. आणि ‘चमकताना’ हा शब्द लिहिणाऱ्याने स्वतःला दिलेली शाबासकी आहे. त्याऐवजी: ‘केदारखेडा, ता. भोकरदन, ऑक्टोबर. दहिवर उतरेपर्यंत वेचणी थांबते. ओला कापूस जड भरतो, पण बाजारात त्याच ओलाव्याची कपात होते.’ जागा आणि महिना पहिल्याच ओळीत आला, पुन्हा कुठे लिहायचा नाही. प्रश्न आला. वीस शब्दांच्या आत-बाहेर काम झालं.

चौथ्या फोटोखाली, हातांच्या: ‘पहिल्या दिवशी बोटं सोलतात, मग निबर होतात.’ हे वेचणाऱ्या बाईने तुम्हाला सांगितलं असेल तरच लिहा, तिच्याच शब्दांत, आणि ते तिचं म्हणणं आहे हे कळू द्या. नाव द्यायचं तर तिला विचारून. पाचव्या फोटोखाली काहीच नको. सगळ्या फोटोंखाली सारख्या लांबीचा मजकूर हवाच असं कोणी सांगितलं? ओटी रिकामी होताना दिसते आहे, तिथे लेखकाने गप्प बसावं. सातव्याखाली थोडं जास्त लागेल, कारण काट्याची गोष्ट फोटोत दिसत नाही: मजुरी किलोवर, काटा कोणाचा, गाठोड्याच्या कापडाचं वजन वजा होतं की नाही. ही माहिती दोन्ही बाजूंना विचारून लिहा, वेचणाऱ्यांना आणि शेतकऱ्यालाही. दोघांचं म्हणणं जुळलं नाही तर दोन्ही लिहा. आपण निकाल द्यायला गेलेलो नाही.

नऊही फोटोंचा मजकूर मिळून दोनशे-अडीचशे शब्दांच्या पुढे गेला तर समजावं की लेखक फोटोंवर विश्वास ठेवत नाही. त्याने सरळ लेख लिहावा, त्यातही कमीपणा नाही. भाव, हमीभाव, जुन्या वर्षीच्या बोंडअळीची आठवण, असलं बरंच तुम्हाला सांगावंसं वाटेल. त्यातलं वजनाच्या प्रश्नाला लागू होतं तेवढंच ठेवा.

आता वहीतली वाक्यं नीट करायची वेळ. वेबवरच्या मजकुराची सुगमता ठरवणारी जी आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं १९९९ साली पहिल्यांदा आली, त्यातलं पहिलंच तत्त्व हे होतं की दिसणाऱ्या आणि ऐकू येणाऱ्या गोष्टींना पर्याय द्यावा. पण पर्याय दिला म्हणजे उपयोगी दिलाच असं नाही. उपयोगी म्हणजे काय ते या नऊ फोटोंवर पाहू.

पहिलं, ‘या फोटोमध्ये’ अशी सुरुवात नको. वाचक यंत्र आधीच ‘प्रतिमा’ म्हणून सांगतं. जे मुख्य आहे त्यापासून सुरू करा, मग क्रिया, मग जागा: ‘वाळलेल्या बोंडातून कापूस ओढणारी दोन बोटं, नखाशेजारी ओरखडे.’ एक-दोन वाक्यं पुरतात. ऐकणाऱ्याला मधेच डोळे फिरवून पुढे जाता येत नाही, सगळं ऐकावंच लागतं, म्हणून लांबण नको.

दुसरं, फोटोत अक्षरं किंवा आकडे असतील तर ते जसेच्या तसे लिहा. सातव्या फोटोत काट्याचा आकडा हाच जीव आहे. ‘काट्याला लटकलेलं कापसाचं गाठोडं’ एवढंच लिहिलं तर पाहणाऱ्याला आकडा मिळाला, ऐकणाऱ्याला मिळाला नाही. ‘बांबूच्या तिकाटण्याला लटकलेलं गाठोडं, काट्यावर ३१.४० किलो’ असं हवं. वहीच्या पानालाही हेच लागू. पण तिथे अंगठ्याखाली झाकलेली नावं वर्णनात उघडी करू नका. ही चूक होते, कारण आपल्याला ती नावं माहीत असतात.

तिसरं, आणि हे फार जण विसरतात: फोटोंची ओळ असते तेव्हा वर्णनांचीही ओळ असते. हिरव्या साडीतली बाई तिसऱ्या आणि सहाव्या फोटोत आहे. पाहणारा तिला साडीवरून ओळखतो आणि तिच्या मागे मागे जातो. ऐकणाऱ्याला दोन्ही ठिकाणी ‘एक बाई’ ऐकू आलं तर त्याच्या दृष्टीने त्या दोन वेगळ्या बाया आहेत आणि निबंधातला धागाच तुटला. म्हणून तिसऱ्या फोटोत ‘हिरव्या साडीतली, चाळिशीच्या आसपासची बाई कमरेला ओटी बांधताना’ असं आलं, की सहाव्यात ‘तीच हिरव्या साडीतली बाई, गाठोड्यावर गुडघा टेकवून गाठ आवळताना’ असं लिहा. ज्याला कधीच दिसलं नाही त्याला हिरव्याचं काय, असं काही जण विचारतात. हिरवा इथे रंग म्हणून नाही, तिचं नाव सांगायचं नसताना तिची खूण म्हणून आहे. शिवाय वाचक यंत्र वापरणारे सगळे जन्मांध नसतात.

चौथं, दिसत नाही ते वर्णनात नको. ‘थकलेली’, ‘समाधानी’, ‘गरीब’ हे शब्द तुमचे आहेत. पाठ वाकलेली दिसते, डोळे मिटलेले दिसतात, ते लिहा. जातधर्म तर पेहरावावरून ठरवूच नका.

शब्दांच्या पलीकडे एक तांत्रिक अडचण मराठीत नेहमी येते. वाचक यंत्राला मजकूर कोणत्या भाषेत आहे ते सांगितलं नाही, तर ते मराठी ओळ इंग्रजी आवाजात वाचायला जातं आणि काहीच कळत नाही, किंवा ती ओळ गाळूनच टाकतं. तुम्ही स्वतः पान बांधत असाल तर भाषा अशी नोंदवा:

```html
<figure lang="mr">
  <img src="kata.jpg"
       alt="बांबूच्या तिकाटण्याला लटकलेलं गाठोडं,
            काट्यावर ३१.४० किलो">
  <figcaption>मजुरी किलोवर ठरते.</figcaption>
</figure>
```

`lang="mr"` म्हणजे मराठी. `alt` मध्ये दिसणारं, `figcaption` मध्ये न दिसणारं, हे आपले दोन डबे इथे उघड दिसतात. `alt` अजिबात न लिहिल्यास काही यंत्रं फाइलचं नावच वाचतात, ‘आय एम जी दोन शून्य चार तीन’ असं. एखादी नुसती नक्षी किंवा रेघ असेल तर `alt=""` असं रिकामं ठेवा, म्हणजे यंत्र ती ओलांडून जातं. आपल्या नऊ फोटोंत मात्र एकही रिकामा ठेवण्यासारखा नाही. असता, तर तो निवडलाच कशाला?

तयार सुविधेवर टाकत असाल तर कोड लिहावा लागत नाही, पण पर्यायी वर्णनाची चौकट अनेकदा पुढच्या कुठल्या तरी यादीत दडलेली असते. टाकण्याआधी ती शोधून ठेवा. आणखी एक बघा: अनेक ठिकाणी पहिल्या फोटोच्या मापात पुढचे सगळे कापले जातात. पहिला आडवा लावला आणि काट्याचा फोटो उभा असेल, तर नेमका आकडाच चौकटीबाहेर जातो. सगळे नऊ आधीच एका मापात कापून ठेवा, म्हणजे काय राहतं ते तुम्ही ठरवाल.

शेवटची तपासणी दोन भागांत करा. आधी घरातल्या कोणाला तरी डोळे मिटून बसवा आणि फक्त नऊ वर्णनं सलग मोठ्याने वाचा, मजकूर नाही. त्याला शेत, बाई, काटा आणि कोठीची खोली यांचा क्रम सांगता आला तर काम झालं. मग स्वतः अँड्रॉइड फोनवर टॉकबॅक सुरू करून ऐका. ते सुरू झालं की फोन वेगळाच वागतो, एकदा टेकवलं तर नुसतं वाचतो आणि दोनदा टेकवलं तर उघडतो. म्हणून बंद करायचा शॉर्टकट आधी ठरवून घ्या, नाहीतर बंद करताना घाम फुटतो. आयफोनवर हेच काम व्हॉइसओव्हर करतं, संगणकावर एनव्हीडीए विनामूल्य मिळतं. ऐकताना जिथे तुम्हालाच कंटाळा येतो तिथली ओळ तोडा. आणि ओळखीतलं कोणी दृष्टिहीन असेल तर त्यांना पाठवा. आपण डोळे मिटून ऐकणं आणि रोज कानाने वाचणाऱ्याने ऐकणं यात फार फरक आहे. ते पटकन सांगतील की कुठे जास्त बोललात.

टाकण्याआधी एकदा केदारखेड्याला परत जा आणि नऊही फोटो, खालच्या मजकुरासकट, त्या बायकांना दाखवा. वाचता येत नसेल तर वाचून दाखवा. पर्यायी वर्णनंही वाचा. ‘चाळिशीच्या आसपासची’ हे ऐकून कोणी हसून तुमची दुरुस्ती करील, कोणी काट्याच्या मजकुरातली चूक काढील. एखादी म्हणाली, ‘हा फोटो नको’, तर कारण न विचारता तो काढा. मग उरलेल्या आठांची ओळ पुन्हा लावा, वर्णनांतला ‘तीच’ अजून बरोबर जागी आहे का तेही बघा, आणि मगच टाका.